आजीच्या फोटोतल्या सुरकुत्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात वयस्कर माणसाचा मोठा फोटो बहुतेक ठरलेल्या कारणांसाठीच होतो. एकसष्टी, अमृतमहोत्सव, सहस्रचंद्रदर्शन किंवा भिंतीवरची फ्रेम. फोटो द्यायला आलेला मुलगा किंवा सून काउंटरवर एकच वाक्य बोलते: "तोंडावरच्या सुरकुत्या तेवढ्या जरा कमी करून द्या की ओ." कन्नड बोलणारं गिऱ्हाईक "स्वल्प माडरी" म्हणतं. दोघांच्याही मागणीत 'जरा' हा शब्द असतो आणि नेमका तोच पाळला जात नाही. खालचे प्रश्न स्टुडिओत नव्याने बसलेल्या मुलांनी आणि घरच्या घरी फोटो दुरुस्त करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. उत्तरं फोटोशॉप धरून दिली आहेत, कारण आपल्याकडे जवळपास सगळे तेच वापरतात.

सुरकुत्या काढायच्या की ठेवायच्या?

ठेवायच्या, पण त्यांची खोली कमी करायची. ऐंशीच्या माणसाच्या कपाळावर रेषा नसतील तर घरच्यांना काहीतरी बिनसलंय हे लगेच कळतं, काय बिनसलंय ते मात्र सांगता येत नाही. मग ते "रंग वेगळा आलाय", "डोळे बारीक झालेत" असं काहीबाही सांगतात आणि आपण रंग सुधारत बसतो. मूळ दुखणं असतं गायब झालेल्या रेषांचं.

फोटोत सुरकुती म्हणजे नक्की काय असतं?

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. सुरकुती ही काळी रेघ नाही. ती उसाच्या सरी-वरंब्यासारखी असते: एक खाच आणि तिच्या कडेला एक उंचवटा. प्रकाश एका बाजूने आला की खाचेत सावली पडते आणि उंचवट्याच्या कडेवर उजेड चमकतो. फोटोत आपल्याला दिसते ती ही गडद आणि उजळ पट्ट्यांची जोडी.

म्हणून सुरकुती किती खोल दिसेल हे वयाइतकंच प्रकाशावर ठरतं. तीच आजी खिडकीकडे तोंड करून बसली तर सत्तरीची दिसते आणि खिडकी बाजूला आली तर नव्वदीची. आपलं कामही त्यामुळे कातडी बदलण्याचं नाही, सावली आणि उजेड यांच्यातलं अंतर कमी करण्याचं आहे.

डिजिटलच्या आधीचे रिटचर हेच करत. निगेटिव्हमध्ये सुरकुतीची खाच पातळ, पारदर्शक दिसते. तिथे टोकदार शिसपेन्सिलीने हलका थर दिला की छापात ती रेष उजळायची. खाच मुळापासून मिटवायची सोय पेन्सिलीत फारशी नव्हती, त्यामुळे प्रमाण आपोआप राखलं जायचं. आता एका फटक्यात सगळं मिटवता येतं, तिथेच घोळ होतो.

काय पूर्ण काढायचं आणि कशाला हातच लावायचा नाही?

आठवड्याभरात जे आपोआप गेलं असतं ते बिनधास्त पूर्ण काढा. डास चावल्याची गाठ, पुळी, ओठाची सुकलेली साल, गालावर आलेला पदराचा धागा, कुंकवाचे नाकावर सांडलेले कण, चष्मा नुकताच काढल्यामुळे नाकावर पडलेले दोन वण. यातलं काहीच त्या माणसाचं नाही, त्या दिवसाचं आहे.

कायमचं जे आहे, म्हणजे कपाळाच्या आडव्या रेषा, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या फाकलेल्या रेषा, भुवयांमधल्या उभ्या चिरा, ओठांवरच्या बारीक उभ्या रेषा आणि गळ्याच्या वळ्या, ते फक्त सौम्य करायचं.

हात लावायचा नाही अशा गोष्टी आपल्याकडे जरा जास्तच आहेत. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं हिरवट गोंदण ही पहिली. ते काढलेले फोटो मी पाहिलेत. टच करणाऱ्या पोराला तो डाग वाटला, `Spot Healing Brush` ने एका क्लिकमध्ये गेला आणि आजीला तिच्या नातवंडांनीही ओळखलं नाही. जन्मापासूनचा तीळ, देवीचे व्रण, जड कुड्यांनी ओघळलेली कानाची पाळी, हे सगळं तसंच ठेवायचं. शेतात आयुष्य गेलेल्या आजोबांच्या कपाळावर टोपीच्या रेषेच्या वर कातडी उजळ असते आणि खाली रापलेली. ती सीमारेषा सरसकट एका रंगाची करू नका. फोटो टोपी काढून घेतला असेल आणि ती फारच डोळ्यात भरत असेल तर कडा किंचित मऊ करा, एवढंच.

नाकाच्या बाजूने ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येणारी घडी हा वेगळा मामला आहे. ती वयाची रेषा आहेच, पण त्याहून जास्त ती चेहऱ्याची रचना आहे, हसलं की विशीतल्या पोरीलाही पडते. ती मिटवली तर गाल फुगल्यासारखा आणि हसू चिकटवल्यासारखं दिसतं. तिला सगळ्यांत कमी हात लावा.

मोबाइलचा ब्यूटी मोड किंवा एका क्लिकचं स्मूदिंग का नको?

कारण ते सावलीचं अंतर कमी करत नाही, कातडीचा पोतच पुसतं. रोमरंध्रं आणि बारीक लव जाते, चेहरा मेणचट होतो. खोल सुरकुत्या मात्र धूसर होऊन तशाच राहतात. पांढरे केस एकेक मोजता येतील इतके स्पष्ट आणि खाली गाल गुळगुळीत, ही विसंगती डोळा लगेच पकडतो.

त्यात ब्यूटी मोड फोटो काढतानाच लागलेला असेल तर गेलेला पोत परत आणता येत नाही. घरचा कोणी मोबाइलवर फोटो काढणार असेल तर आधी फोन करून तो बंद करायला सांगा. आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दाबलेली फाइल येते आणि तिच्यात कातडीऐवजी चौकोनच दिसतात.

फोटो काढतानाच काही करता येतं का?

पुष्कळ. जुन्या घरात सोपा असतो, तिथे उंबऱ्याजवळ अंगणाकडे तोंड करून खुर्ची ठेवा. छपरामुळे डोक्यावरचं ऊन अडतं आणि समोरच्या मोकळ्या आभाळाचा मऊ उजेड खाचांमध्ये शिरतो. मांडीवर, फ्रेमच्या खाली, पांढरा थर्माकोल आडवा धरला की हनुवटीखालची आणि डोळ्यांखालची सावली आणखी उचलली जाते. दुपारच्या उन्हात अंगणात उभं केलं तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि ओठांवरची प्रत्येक रेष मोजता येते. खानापूरकडे पावसाळ्यात ढगाळ उजेड दिवसभर मिळतो, चेहऱ्यासाठी त्याहून चांगला प्रकाश स्टुडिओतही मुश्किलीने जमतो. शूटलाच एवढं सांभाळलं तर पुढचं काम निम्म्यावर येतं.

फोटोशॉपमध्ये नेमकं कसं करायचं?

एक उदाहरण धरून सांगतो. खानापूरजवळच्या गावातल्या आजी, वय एक्क्याऐंशी, सहस्रचंद्रदर्शनासाठी १२ × १८ इंची फ्रेम हवी आहे. ३०० पीपीआयने ती ३६०० × ५४०० पिक्सेलची फाइल होते. उजेड डाव्या खिडकीतून आलाय, म्हणजे चेहऱ्याच्या उजव्या भागातल्या सुरकुत्या जास्त खोल दिसतायत. कपाळावर गोंदणाचे ठिपके आहेत, नाकावर चष्म्याचे वण आहेत, आजी किंचित हसतायत.

मूळ `Background` ला हात लावायचा नाही. `Ctrl+Shift+N` ने रिकामा लेयर घ्या आणि त्याला 'डाग' नाव द्या. `Healing Brush` निवडा आणि वरच्या पट्टीत `Sample` समोर `Current & Below` ठेवा. म्हणजे ब्रश खालचा फोटो वाचतो, पण रंग रिकाम्या लेयरवर टाकतो. चष्म्याचे वण, कुंकवाचे कण, पदराचा धागा, सगळं इथे काढा. या लेयरची ओपॅसिटी १०० टक्केच राहते.

आता दुसरा रिकामा लेयर: 'कपाळ'. तिसरा: 'डोळे'. चौथा: 'ओठ-गळा'. वेगवेगळे लेयर यासाठी की प्रत्येक भागाला नंतर वेगळं प्रमाण लागणार आहे. सगळं एकाच लेयरवर केलंत तर कपाळ बरोबर येईपर्यंत डोळे जास्त झालेले असतात.

झूम १०० टक्क्यांवर ठेवा. ब्रश सुरकुतीच्या रुंदीपेक्षा किंचित मोठा घ्या, फार मोठा नाही. `Alt` दाबून नमुना घ्यायचा तो सुरकुतीच्या अगदी शेजारचा, त्याच उजेडातला. उजव्या गालावर काम करताना डाव्या उजळ गालाचा नमुना घेऊ नका. हीलिंग ब्रश रंग जुळवून घेतो हे खरं, पण पोत नमुन्याचाच आणतो, आणि कपाळाचा पोत आणि गालाचा पोत एक नसतो. रेष एका दमात ओढू नका. बोटाच्या पेराएवढे छोटे फटकारे मारा आणि दर दोन-तीन फटकाऱ्यांनी नमुना बदला, नाहीतर एकच रंध्रांची नक्षी ओळीने छापली जाते.

खाच भरताना तिच्या कडेची उजळ पट्टीही घ्या. नवीन मुलं फक्त गडद भाग भरतात, मग खाच गेलेली आणि उंचवट्याची चमक उरलेली, अशी एक पांढरट रेघ कपाळावर तरंगत राहते. मोठ्या छापात ती सुरकुतीपेक्षा वाईट दिसते.

केसांच्या रेषेजवळ, पापण्यांजवळ आणि कुंकवाच्या कडेला हीलिंग ब्रश नेऊ नका. शेजारचा गडद रंग तो कातडीत ओढतो आणि मळकट धब्बा पडतो. तिथे वेगळा रिकामा लेयर घेऊन त्याचा ब्लेंड मोड `Lighten` करा, `Clone Stamp` निवडून `Sample` हीलिंग ब्रशसारखंच ठेवा आणि ब्रशची ओपॅसिटी २० टक्क्यांच्या आसपास ठेवा. तो नमुन्यापेक्षा गडद पिक्सेलच उजळवतो, बाकीच्यांना शिवत नाही. गोंदणाच्या ठिपक्यांमधून सुरकुती जात असेल तर ठिपक्यापाशी थांबा आणि पलीकडून पुन्हा सुरू करा.

या टप्प्यावर स्क्रीनवर चाळिशीतली बाई दिसेल. घाबरू नका, फाइल अशीच द्यायची नाही. आता 'कपाळ' लेयरची ओपॅसिटी सरळ शून्यावर न्या आणि तिथून हळूहळू वर या. १०० वरून खाली येत गेलात तर डोळा गुळगुळीतपणाला सरावलेला असतो आणि हात ७० वरच थांबतो. खालून वर आलं की ३५–४० लाच "बास" वाटतं. आमच्या या आजींचं कपाळ ४० ला बसलं, डोळ्यांचे कोपरे ३० ला, कारण त्या हसतायत आणि हसणाऱ्या डोळ्याला रेषा हव्यातच. ओठांवरच्या उभ्या रेषा ४५ आणि गळा ३५.

४० टक्क्यांनी नक्की काय होतं?

`F8` दाबून `Info` पॅनेल उघडा आणि कर्सर फिरवून बघा. समजा कपाळाच्या कातडीचा आकडा १७० आहे आणि खोल सुरकुतीच्या तळाचा ११०. अंतर ६०. हीलिंगने तळ पूर्ण १७० झाला, पण लेयर ४० टक्के ठेवल्यावर तळ ११० वरून १३४ ला येतो. अंतर ६० चं ३६ झालं. रेष आहे, जागेवर आहे, फक्त उथळ झाली.

आता त्याच कपाळावरची बारीक सुरकुती घ्या, तिचा तळ १५० आहे. २० चं अंतर १२ वर आलं आणि फ्रेम भिंतीवर लागली की ते कोणाला दिसतच नाही. मुख्य रेषा शाबूत राहिल्या, फुटकळ विरल्या, आणि रेषांची एकमेकींत असलेली जी मूळ प्रमाणबद्धता असते ती मोडली नाही. माणूस ओळखू येतो तो या प्रमाणामुळे. म्हणूनच "दोन मोठ्या सुरकुत्या पूर्ण काढ, बाकी राहू दे" हा प्रकार मला पटत नाही. त्याने कपाळ दुसऱ्याचं होतं.

डोळ्यांखालच्या पिशव्यांना हीलिंग ब्रश चालतो का?

नाही, किंवा फार कमी. पिशवी ही रेष नाही, तो आकार आहे. तिच्या खालची चंद्रकोरीची सावली तेवढी उचलायची. `Layer > New Adjustment Layer > Curves` घ्या आणि रेषेचा मधला भाग थोडा वर ओढा. मग `Ctrl+I` ने मास्क काळा करा. मऊ पांढरा ब्रश, `Flow` ३ ते ५ टक्के, आणि सावलीवरून हलक्या हाताने फिरवत जा. प्रत्येक फेरीत इतकं कमी होतं की पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच झालं नाही असं वाटतं. तसंच हवं. रंग बदलायला लागला तर त्या लेयरचा ब्लेंड मोड `Luminosity` करा, म्हणजे फक्त उजेड हलतो.

डोळ्यांभोवतीची कातडी आपल्या लोकांत मुळातच सावळी असते. ती गालाइतकी उजळ केली की चष्मा लावून उन्हात बसल्यासारखी पांढरट वर्तुळं दिसतात. भोवतालापेक्षा ती नेहमी थोडी गडदच ठेवा.

हे कर्व्ह्ज लेयर हीलिंग लेयरच्या वर असतात. नंतर पुन्हा हीलिंग करायला खाली आलात आणि चुकून `Sample` ला `All Layers` असेल, तर उजळलेलाच रंग खाली उतरतो आणि वरून पुन्हा उजळतो. ब्रश मारला की जागा उगाच फिकट पडतेय असं दिसलं तर आधी ही सेटिंग तपासा.

जास्त झालंय हे कसं ओळखायचं?

मुख्य खूण गळा आणि हात. चेहरा साठीचा आणि मांडीवर ठेवलेले हात ऐंशीचे, असं दिसलं तर चेहरा मागे घ्या. हातांच्या शिरा पुसत बसू नका, त्या कामाच्या हातांच्या आहेत.

दुसरं, `Ctrl+0` ने पूर्ण फोटो स्क्रीनवर बसवा आणि खुर्चीवरून उठून दाराशी जाऊन बघा. पहिली नजर डोळ्यांवर गेली पाहिजे. गालावर गेली तर तिथे काहीतरी खोटं झालंय.

तिसरं, सकाळी केलेलं काम दुपारी बघा, मध्ये दुसरं काहीतरी करा. फोटो आडवा उलटवून पाहिला तरी सरावलेला डोळा जागा होतो. दोन्ही गालांतला फरक लगेच दिसतो, कारण सावलीच्या बाजूला आपण नेहमी जास्त काम केलेलं असतं.

फ्रेम, पत्रिका आणि फ्लेक्स, तिन्हीला एकच फाइल चालेल?

एकच फाइल नको. सगळ्यांत जास्त मेहनत १२ × १८ च्या फ्रेमला, कारण लोक ती हातभर अंतरावरून बघतात. पत्रिकेवरचा फोटो दोन इंचांचा, आणि आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर बसवायचा असल्याने कधी त्याहूनही लहान. तिथे बारीक रेषा छापातच मिसळून जातात, 'डाग' लेयर आणि थोडी डोळ्यांखालची सावली एवढं पुरे. फ्लेक्स चौकात रस्त्यापलीकडून बघायचा असतो. त्यावर सुरकुत्या दिसतच नाहीत, दिसतात ते खोबणीतले काळे डाग आणि हनुवटीखालची सावली. म्हणून फ्लेक्ससाठी कर्व्ह्ज थोडे जास्त आणि हीलिंग जवळपास बंद. लोक बरोबर उलटं करतात. फोटो मोठा म्हणून टच-अप मोठा, आणि मग चौकात पावडर थापलेले आजोबा उभे राहतात.

फोटोशॉप नसेल तर?

गिम्प फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. लेयरची प्रत काढा (`Shift+Ctrl+D`), प्रतीवर `Heal` टूलने काम करा, नमुना `Ctrl` दाबून घ्यायचा, आणि शेवटी त्या प्रतीची ओपॅसिटी शून्यावरून वर आणा. भागाभागांचं वेगळं प्रमाण हवं असेल तर रिकाम्या लेयरवर काम करून `Sample merged` टिक करा.

फ्रिक्वेन्सी सेपरेशन वापरू का?

लग्नाच्या मेकअपवाल्या चेहऱ्यांना वापरा. पोत एका लेयरवर आणि रंग-सावली दुसऱ्यावर अशी फोड करून सावली धूसर करायची ही पद्धत आहे. वयस्कर चेहऱ्यावर अडचण अशी की सुरकुती धड पोतातही नसते आणि धड सावलीतही, ती दोन्हीकडे वाटली जाते. सावली धूसर केली की गालाची हाडं सपाट होतात आणि पोतात उरलेल्या सुरकुत्या पेनाने आखल्यासारख्या वर येतात. हात बसलेला माणूस यातूनही चांगलं काम काढतो, पण तोवर वर सांगितलेल्या पद्धतीने फ्रेम होऊन जाते.

गिऱ्हाईक "अजून काढा" म्हणतंय. काय करू?

पहिली गोष्ट, मूळ आणि दुरुस्त फोटो शेजारी शेजारी दाखवू नका. ही सवय रील बघून आलीय. शेजारी मूळ फोटो ठेवला की तो नेहमीच वाईट दिसतो, आणि समोरचा माणूस आईकडे बघायचं सोडून दोन फोटोंमधला फरक बघायला लागतो. मग जितका फरक जास्त तितकं काम जास्त, असा हिशोब होतो. फक्त दुरुस्त फोटो दाखवा, आणि तोही स्क्रीनवर मोठा करून नाही, ४ × ६ चा छाप हातात देऊन.

तरीही मागणी राहिली तर विचारा: "कुठली रेष डोळ्यात येतेय?" बहुतेक वेळा बोट एकाच जागी जातं. भुवयांमधली चीर, नाहीतर डोळ्याखालची सावली. आजी रागावलेल्या किंवा थकलेल्या दिसतात ही खरी तक्रार असते, म्हाताऱ्या दिसतात ही नसते. तेवढीच रेष १०–१५ टक्के पुढे न्या. भुवयांमधली चीर थोडी सौम्य झाली की सगळा चेहरा शांत होतो आणि वय मात्र तिथल्या तिथे राहतं.

एकदा एक बाई सासूबाईंचा फोटो परत घेऊन आल्या, दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी केलेला. म्हणाल्या, "फोटो झ्याक आलाय बगा, पण आमच्या अत्ती न्हाईत ह्या." मूळ फाइल मागवली तर हनुवटीचं गोंदण, उजव्या भुवईवरचा व्रण आणि ओठाच्या कोपऱ्यातल्या दोन्ही घड्या गायब होत्या. तेवढं मुळातून परत आणलं. गालाची सफाई होती तशीच ठेवली, कारण फंक्शन दुसऱ्या दिवशी होतं. बाईंनी फोटो बघून मान डोलावली आणि पैसे विचारले.

पासपोर्ट, पेन्शन, आधारच्या फोटोलाही हे करायचं का?

अजिबात नाही. ओळखपत्राच्या फोटोत चेहरा जसा आहे तसाच हवा, सुरकुत्याही आणि तीळही. उजेड आणि पार्श्वभूमी शूट करतानाच नीट घ्या.

दिवंगत माणसाचा जुना छापील फोटो आणलाय. तिथेही हेच?

तिथे आधी ठरवा की रेष सुरकुतीची आहे की कागदाच्या घडीची. छाप स्कॅन करून मोठा केला की दोन्ही सारख्याच दिसतात. घडी चेहऱ्याबाहेर, पार्श्वभूमीतही सरळ पुढे जाते, सुरकुती चेहऱ्याच्या वळणाने फिरते आणि गालापाशी संपते. घडी, बुरशीचे ठिपके आणि ओरखडे पूर्ण काढा. सुरकुत्यांना जवळपास हातच लावू नका, कारण जुन्या छापात त्या आधीच अर्ध्या विरलेल्या असतात. दुरुस्त केलेल्या जागी कागदाचा रवा उरत नाही आणि ती जागा चकचकीत दिसते. वर एक लेयर घेऊन तो `Edit` मधल्या `Fill` ने `50% Gray` भरा, त्याचा ब्लेंड मोड `Overlay` करा आणि मग `Filter > Noise > Add Noise` ने अगदी थोडा रवा द्या, `Monochromatic` टिक करून.

काम झाल्यावर फाइल कशी ठेवायची?

लॅबला जेपेग द्या, पण लेयरसकट पीएसडी जपून ठेवा आणि लेयरची नावं मराठीत लिहिलेली असली तरी काही बिघडत नाही. फ्रेम नेल्यावर आठवड्याने बेंगळुरूची मुलगी फोन करते आणि तिला भावापेक्षा वेगळं प्रमाण हवं असतं. पीएसडी असेल तर एक स्लायडर हलवून तिची प्रत निघते. नसेल तर चष्म्याच्या वणापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.